जीपीएसला चौथा उपग्रह कशाला लागतो? आलेख कागदावर पुण्यातले तीन बिंदू घेऊन शिकवताना

नववी-दहावीला जीपीएस शिकवायचं म्हटलं की आपण फळ्यावर तीन वर्तुळं काढतो, ती एका बिंदूत छेदतात असं दाखवतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. मीही बरीच वर्षं असंच शिकवलं. मग एका वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तीन वर्तुळांत जागा सापडली ना? मग चार उपग्रह लागतात असं का म्हणतात?" मी चटकन सांगून टाकलं, की चौथा उंचीसाठी. संध्याकाळी घरी वहीत मांडून बघितलं तेव्हा कळलं की मी तिला चुकीचं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात ते दुरुस्त केलं, आणि तेव्हापासून हा विषय घड्याळाच्या बाजूनं शिकवायला लागले. खाली दिलेली कृती त्यातूनच तयार झाली. तिला पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन तास लागतात. घाई केली तर दुसरा तास वाया जातो, आणि खरा गाभा दुसऱ्याच तासात आहे.

तयारी

दोघांत एक आलेख कागद, कंपास, पट्टी, टोक केलेली पेन्सिल एवढं पुरतं. कागदाखाली जुन्या वहीचा पुठ्ठा ठेवायला सांगा. बाकाच्या सनमायकावर कंपासची सुई सरकते आणि दोन मिलिमीटर सरकली तरी उत्तर बिघडतं.

प्रमाण २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. हे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, ते शेवटपर्यंत लागतं. वर उत्तर, उजवीकडे पूर्व.

आता पुण्यातली तीन ठिकाणं आलेखावर मांडायची. निर्देशक सेंटिमीटरमध्ये आहेत आणि मी ते नकाशावरून अंदाजे काढले आहेत:

- पुणे स्टेशन (१२, १०)
- पर्वती (६.२, ३)
- चतुःशृंगी (२.४, १२.२)

मुलांना सांगायचं, की या तीन ठिकाणी आपण मनातल्या मनात एकेक प्रक्षेपक उभा केलाय. प्रत्येक प्रक्षेपक सतत एकच गोष्ट सांगतोय: "मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता माझ्या घड्याळात इतके वाजलेत." तुम्ही शहरात कुठेतरी उभे आहात, कुठे ते तुम्हालाच माहीत नाही. तुमच्याकडे फक्त हे ऐकणारं यंत्र आहे.

इथे एक गैरसमज आधीच काढून टाकलेला बरा. बहुतेक मुलांना वाटतं की फोन उपग्रहाला काहीतरी पाठवतो आणि उपग्रह आपली जागा बघून कळवतो. तसं नाही. फोन फक्त ऐकतो, आकाशवाणी ऐकणाऱ्या रेडिओसारखा. फोन फ्लाइट मोडवर टाकून मैदानात नेला तरी बहुतेक फोनमधला निळा ठिपका आपल्याबरोबर चालत राहतो. खालचा नकाशा मात्र इंटरनेटवरून येतो, तो आधीच उतरवून ठेवलेला नसेल तर दिसणार नाही. शक्य असेल तर हे मैदानात नेऊन करून दाखवा, नुसतं सांगून मुलं विश्वास ठेवत नाहीत.

पहिला तास: घड्याळ बरोबर असताना

प्रत्येक जोडीला चिठ्ठ्या एकेक करून द्यायच्या, तिन्ही एकदम नाही. पहिल्या चिठ्ठीवर लिहा: "पुणे स्टेशनवरून निघालेला संदेश ७.५ मायक्रोसेकंदांनी पोहोचला."

अंतर देऊ नका, वेळच द्या. जीपीएस अंतर मोजत नाही, वेळ मोजतं, आणि ही गोष्ट हाताला लागली पाहिजे. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगानं जातात, सेकंदाला साधारण ३ लाख किलोमीटर. म्हणजे एका मायक्रोसेकंदात, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर. तेव्हा ७.५ मायक्रोसेकंद म्हणजे २.२५ किलोमीटर आणि कागदावर ४.५ सेंटिमीटर. मुलांना सोपा गुणक द्या: मायक्रोसेकंदांना ०.६ नं गुणलं की थेट सेंटिमीटर येतात.

आता विचारा, "तुम्ही कुठे आहात?" दोन-तीन हात लगेच वर येतात आणि मुलं स्टेशनपासून ४.५ सेंटिमीटरवर कुठेतरी एक ठिपका देतात. प्रत्येकाचा ठिपका वेगळा. ते सगळे ठिपके फळ्यावर मांडा. पाच-सहा झाले की कुणीतरी म्हणतंच, "अहो मॅडम, हे तर वर्तुळ होतंय!" तोपर्यंत आपण वर्तुळ हा शब्द उच्चारायचा नाही. मग स्टेशनवर सुई ठेवून ४.५ त्रिज्येचं वर्तुळ काढून घ्या.

दुसरी चिठ्ठी: पर्वती, ८.८ मायक्रोसेकंद. म्हणजे २.६४ किलोमीटर, कागदावर ५.३ सेंटिमीटर. हे वर्तुळ खाली थोडं कागदाबाहेर जाईल, जाऊ द्या. दोन वर्तुळं दोन जागी छेदतात, एक (८, ८) जवळ आणि दुसरी (१०.८, ५.७) जवळ. प्रत्यक्ष शहरात ही दुसरी जागा भवानी पेठेच्या आसपास येते. दोन्ही उत्तरं सारखीच बरोबर आहेत आणि या दोन चिठ्ठ्यांवरून त्यांतलं एक निवडता येणं अशक्य आहे. इथे थोडं थांबा. मुलांना दोन उत्तरं आवडत नाहीत, त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

तिसरी चिठ्ठी: चतुःशृंगी, ११.७ मायक्रोसेकंद, म्हणजे ७ सेंटिमीटर. पूर्ण वर्तुळ मावणार नाही, नुसता कंस काढायचा. तो (८, ८) वरून जातो आणि भवानी पेठेला स्पर्शही करत नाही. तिथून चतुःशृंगी साडेदहा सेंटिमीटरवर आहे. (८, ८) म्हणजे शनिवारवाडा. उत्तर कळल्यावर वर्गात होणारा गलका दोन मिनिटं चालू द्या.

चुका ठरलेल्या असतात आणि त्या ओळखूही येतात. वर्तुळं एकमेकांना भेटतच नसतील तर बहुधा त्रिज्येचं माप व्यास म्हणून घेतलेलं असतं. दोन नीट छेदतात आणि तिसरं अर्धा सेंटिमीटर बाजूनं जातं, तेव्हा कंपासची पकड ढिली होऊन माप बदललेलं असतं. पट्टीवर पुन्हा ठेवून बघायला सांगा. एकदा एका मुलानं हुशारीनं मोबाइलवर स्टेशन ते शनिवारवाडा अंतर पाहिलं आणि "मॅडम, तुमचं अंतर चुकलंय" म्हणाला. त्याला रस्त्याचं अंतर मिळालं होतं, रिक्षा जाते ते. संदेश सरळ रेषेत येतो, त्याला चौक आणि एकेरी वाहतूक लागत नाही.

दहावीच्या वर्गाला हेच बीजगणितानं करायला द्या, कारण दोन चलांतील रेषीय समीकरणं त्यांना असतातच. तिन्ही वर्तुळांची समीकरणं लिहून एकातून दुसरं वजा केलं की x² आणि y² निघून जातात आणि सरळ रेषा उरतात. त्रिज्यांचे वर्ग २०, २८.२४ आणि ४९ घेतले की स्टेशन-पर्वती आणि स्टेशन-चतुःशृंगी या जोड्यांमधून मिळतं:

```
11.6x + 14y  = 204.8
19.2x - 4.4y = 118.4
```

सोडवा, x = 8, y = 8. कंपासनं आलेलं उत्तर आणि आकड्यांनी आलेलं उत्तर एकच निघालं की गणितात मागे पडणारी मुलंसुद्धा समीकरणाकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

दुसरा तास: घड्याळ चुकीचं असताना

पहिल्या तासात आपण एक गोष्ट न सांगता गृहीत धरली: ऐकणाऱ्याचं घड्याळ प्रक्षेपकांच्या घड्याळाशी तंतोतंत जुळलेलं आहे. जीपीएसच्या उपग्रहांवर अणुघड्याळं असतात. आपल्या फोनमध्ये असतं साधं क्वार्ट्झचं घड्याळ. ते एका मिलिसेकंदानं, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागानं, चुकलं तर अंतरात ३०० किलोमीटरची चूक येते. पुण्यातल्या माणसाला इतक्या चुकीनं कुठेही नेऊन ठेवता येईल.

मग नव्या चिठ्ठ्या वाटा. ठिकाणं तीच: स्टेशन ९.२, पर्वती १०.५, चतुःशृंगी १३.४ मायक्रोसेकंद. नव्या कागदावर वर्तुळं काढायला सांगा. त्रिज्या येतात ५.५, ६.३ आणि ८ सेंटिमीटर. यावेळी तिन्ही एका बिंदूत भेटत नाहीत. मध्ये फुगीर बाजूंचा त्रिकोण तयार होतो, त्याची टोकं साधारण (६.६, ९.३), (७.९, ६.४) आणि (९.४, ८.४). टोकांमधलं अंतर साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर, म्हणजे शहरात सव्वा ते दीड किलोमीटर.

पहिली प्रतिक्रिया असते, "आमचं चुकलं, खोडरबर द्या." खोडू देऊ नका. शेजारच्या जोडीचा कागद बघा म्हणावं. सगळ्यांना तोच त्रिकोण आलाय. म्हणजे चूक हाताची नाही, आकड्यांची आहे. मग विचारा: समजा तुमचं एकट्याचं घड्याळ पुढे असेल, तर तिन्ही वेळांचं काय होईल?

या प्रश्नाला हवा तेवढा वेळ द्या. माझ्या वर्गात उत्तर यायला कधी पाच मिनिटं लागतात, कधी दहा. घड्याळ एकच आहे, त्यामुळे तिन्ही वेळा *सारख्याच* प्रमाणात जास्त येतील. तिन्ही त्रिज्या सारख्याच वाढतील. किती, ते माहीत नाही. पण तिघांतून एकच आकडा वजा करायचा आहे, एवढं नक्की.

आता शोधायला लावा. तिन्ही त्रिज्यांतून अर्धा सेंटिमीटर कमी करा: ५, ५.८, ७.५. त्रिकोण लहान झाला. पूर्ण एक सेंटिमीटर कमी करा: ४.५, ५.३, ७. त्रिकोण मिटला आणि शनिवारवाडा पुन्हा सापडला. दीड कमी करून बघा: वर्तुळं एकमेकांपासून दूर झाली आणि मध्ये उलटी फट पडली. वेगवेगळ्या रंगाच्या पेन्सिली वापरल्या तर हा सगळा प्रवास एकाच कागदावर दिसतो, आणि तो कागद वर्गाच्या भिंतीवर लावण्यासारखा होतो.

एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, म्हणजे सुमारे १.७ मायक्रोसेकंद. मुलांनी जागा तर शोधलीच, शिवाय स्वतःचं घड्याळ किती पुढे आहे तेही शोधलं. फोन अगदी हेच करतो. जागेबरोबर त्याला अचूक वेळ मिळते.

काही मुलं सरळ त्रिकोणाच्या मधोमध ठिपका देतात आणि तो जवळजवळ बरोबर येतो. त्यांना चूक म्हणू नका, पण कारण सांगा: आपली तीन ठिकाणं शनिवारवाड्याभोवती तिन्ही बाजूंना साधारण सारखी पसरलेली आहेत, म्हणून मध्यबिंदू जुळला. तिन्ही प्रक्षेपक एकाच दिशेला असते तर जुळला नसता. आकाशातही सगळे उपग्रह एका बाजूला गोळा झाले की फोनचं उत्तर बिघडतं.

आता चौथा उपग्रह

कागदावर आपल्याला तीन गोष्टी माहीत नव्हत्या: x, y आणि घड्याळाची चूक. म्हणून तीन प्रक्षेपक लागले. खऱ्या जगात उंचीही आली, म्हणजे चार गोष्टी, म्हणून चार उपग्रह. हे वाक्य फळ्यावर लिहा आणि तिथेच थांबा.

मग "चौथा उंचीसाठी" हे माझं जुनं उत्तर चुकीचं का? समजा फोनमध्येही अणुघड्याळ असतं. उपग्रहापासूनचं अंतर कळलं की आपण त्याच्याभोवतीच्या एका गोलावर आहोत हे कळतं, वर्तुळावर नाही, कारण आता तीन मिती आहेत. दोन गोल एकमेकांना वर्तुळात छेदतात. साबणाचे दोन फुगे चिकटले की मधला गोल काठ दिसतो, तसं. तिसरा गोल त्या वर्तुळाला दोन बिंदूंत छेदतो. त्यांतला एक जमिनीजवळ असतो आणि दुसरा दूर अंतराळात, तो सोडून देता येतो. म्हणजे घड्याळ अचूक असतं तर तीनच उपग्रहांत उंचीसकट जागा मिळाली असती. चौथ्याची गरज घड्याळामुळे पडते.

हे आकडे मुलांना खऱ्या मापात एकदा दाखवून द्या. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. अगदी डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेशसुद्धा पोहोचायला जवळपास ०.०६७ सेकंद घेतो. आणि ते एका जागी थांबत नाहीत, त्यामुळे प्रत्येक उपग्रहाला आपली कक्षा संदेशातूनच सांगावी लागते. हा मजकूर फार संथ येतो, सेकंदाला फक्त ५० बिट, आणि आवश्यक भाग पूर्ण यायला अर्धा मिनिट लागतं. इंटरनेट असलं की फोन हीच माहिती तिकडून मिळवतो आणि ते थांबणं वाचतं. फोन इंटरनेटशिवायही जागा शोधतो, पण सुरुवातीला वेळ का लावतो, ते यातून कळतं.

पेठेतली गल्ली

वेळ उरला तर शेवटचा खेळ खेळायला द्या. मला स्वतःला हाच सगळ्यात आवडतो.

पेठेतल्या अरुंद गल्लीत फोनवरचा ठिपका कधीकधी शेजारच्या गल्लीत दिसतो, हे मुलांनी पाहिलेलं असतं. उंच इमारतींमुळे उपग्रहाचा थेट संदेश अडतो आणि समोरच्या भिंतीवर आपटून आलेला संदेश पोहोचतो. तो लांबून आलेला असतो, म्हणून वेळ जास्त भरतो. ही चूक घड्याळाच्या चुकीसारखी सगळ्यांना सारखी नसते, ती एका उपग्रहापुरतीच असते.

चिठ्ठ्या द्या: स्टेशन ८.५, पर्वती ८.८, चतुःशृंगी ११.७. यांतला फक्त स्टेशनचा संदेश एका मायक्रोसेकंदानं उशिरा आलाय, हे मुलांना सांगू नका. (भिंतीमुळे येणारी खरी चूक याहून बरीच लहान असते, पण कागदावर दिसावी म्हणून ती मोठी घेतली आहे.) त्रिज्या ५.१, ५.३, ७. पुन्हा लहानसा त्रिकोण येतो. मुलं आता सराईत झालेली असतात, तिन्हींतून थोडं थोडं वजा करत जातात आणि दोन मिलिमीटरच्या आसपास त्रिकोण मिटतोही. सगळे खूश. पण बिंदू आलाय (७.६, ७.९) ला, म्हणजे शनिवारवाड्याच्या पश्चिमेला जवळजवळ २०० मीटर. आणि घड्याळ चुकलेलं नसताना ते चुकलंय असंही उत्तर निघालं.

तीन अज्ञात आणि तीन चिठ्ठ्या असल्या की काही ना काही उत्तर जुळतंच, आणि ते चुकीचं असल्याचं कळायला काही मार्ग उरत नाही. मग चौथी चिठ्ठी काढा: स्वारगेट, (९.५, ३.९), ७.३ मायक्रोसेकंद. त्रिज्या ४.४, त्यातूनही तेच दोन मिलिमीटर वजा, म्हणजे ४.२. हे वर्तुळ त्या बिंदूवरून जात नाही, दोन मिलिमीटर अलीकडेच थांबतं. म्हणजे चारांपैकी कुणीतरी खोटं सांगतंय. कोण, ते चार चिठ्ठ्यांवरून ठरवता येत नाही. त्यासाठी पाचवी हवी, मग एकेक वगळून बाकीच्या चार एकमेकींशी जुळतात का ते तपासता येतं. आकाशात याच हिशोबानं चूक असल्याचं कळायला पाच आणि चुकीचा उपग्रह ओळखून वगळायला सहा उपग्रह लागतात.